रुमॅटिक ताप, हृदयाची झडप आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः ज्यांच्या मुलाला किंवा मुलीला नुकतंच ‘रुमॅटिक ताप’ असं निदान सांगितलं गेलं आहे आणि आता अनेक वर्षं इंजेक्शन घ्यावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, अशा पालकांसाठी आहे. सर्वांत जास्त जागा इंजेक्शनच्या तारखेला दिली आहे, कारण हा आजार परत येतो तो बहुतेक वेळा चुकलेल्या तारखांमधूनच.

घसा दुखला आणि चार दिवसांत बराही झाला. त्याचा हृदयाशी काय संबंध?

मुलांचा घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो आणि आपोआप बरा होतो. काही वेळा मात्र घशात ‘ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस’ नावाचे जिवाणू वाढतात. डॉक्टर त्यांना थोडक्यात ‘स्ट्रेप’ म्हणतात. ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये हा संसर्ग सर्वाधिक दिसतो. शरीर त्याच्याशी लढण्यासाठी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी तयार करतं. पण या जिवाणूंच्या आवरणावरच्या काही रेणूंची ठेवण आपल्या हृदयातल्या, सांध्यांतल्या आणि मेंदूतल्या काही रेणूंशी मिळतीजुळती असते. त्यामुळे काही मुलांमध्ये जिवाणूंसाठी तयार झालेला मारा स्वतःच्याच अवयवांवर होतो. जिवाणू हृदयापर्यंत पोचलेलेच नसतात. म्हणून घसा पूर्ण बरा झाल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, मूल पुन्हा आजारी पडतं. हाच रुमॅटिक ताप. पालकांना दोन्ही गोष्टींचा संबंध लागत नाही. अनेक मुलांच्या घरी तर घसा दुखल्याचं कुणाला आठवतही नाही.

उपचार न झालेल्या प्रत्येक स्ट्रेप घसादुखीनंतर असं होत नाही. मोठ्या साथीतही असा ताप येणारी मुलं शंभरात तीनच्या आसपास असतात, एरवी त्याहून बरीच कमी. पण ज्याला एकदा हा ताप येऊन गेला आहे त्याच्यासाठी हा हिशेब साफ बदलतो. तो हिशेब पुढे मांडला आहे.

मग घसा दुखला की प्रत्येक वेळी अँटिबायोटिक द्यायचं का?

नाही. नाक वाहतंय, शिंका आणि खोकला आहे, आवाज बसलाय, तर विषाणूची शक्यता जास्त. अचानक घसा दुखू लागणं, ताप, गिळताना कळ, टॉन्सिलवर पांढरट ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि खोकला मुळीच नाही, असं चित्र असेल तर डॉक्टरांना घसा दाखवावा. घशातल्या नमुन्याची तपासणी होऊ शकते. तपासणीची सोय नसेल तर डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात.

स्ट्रेपसाठी दहा दिवस पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, नाहीतर बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन पुरतं. घसादुखी सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत हा उपचार सुरू झाला तरी रुमॅटिक ताप टाळता येतो. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या थांबवल्या तर जिवाणू घशात टिकून राहू शकतात, म्हणून दहा दिवस पूर्ण करायचे.

रुमॅटिक ताप आलाय हे ओळखायचं कसं?

एक उदाहरण घेऊ. समजा, नऊ वर्षांची मुलगी आहे, वजन २४ किलो. तिचा घसा दुखला, दोन दिवस ताप आला, गुळण्या केल्या आणि ती शाळेत जाऊ लागली. अठरा दिवसांनी तिचा उजवा गुडघा सुजला. तो लाल आणि गरम झाला, चादरीचा स्पर्शही सहन होईना. दोन दिवसांत गुडघा उतरला आणि डावा घोटा धरला, मग मनगट. सोबत ताप. सांधेदुखी अशी एका मोठ्या सांध्यातून दुसऱ्यात सरकते, ही या आजाराची ठळक खूण आहे. वेदनाशामक दिल्यावर एक-दोन दिवसांत सांधे इतके बरे होतात की सगळं संपलं असं वाटतं. नेमकी इथेच फसगत होते. सांध्यांचं दुखणं कायमचं नुकसान न करता जातं, हृदयाचं तसं नाही.

आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या छातीवर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप ठेवला तेव्हा ठोक्यांबरोबर एक जादा आवाज, म्हणजे मर्मर, ऐकू आला. शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्तचाचण्या वाढलेल्या होत्या, आणि स्ट्रेपविरुद्धच्या अँटीबॉडी मोजणारा एएसओ टायटर वाढलेला असल्याने नुकत्याच झालेल्या स्ट्रेप संसर्गाचा पुरावा मिळाला. टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या बाजूची मायट्रल झडप सौम्य गळताना दिसली. कुठलीही एक चाचणी हा आजार सिद्ध करत नाही. लक्षणं, रक्त आणि इको यांचा मेळ घालण्यासाठी जगभर ‘जोन्स निकष’ वापरले जातात. ते १९४४ मध्ये पहिल्यांदा मांडले गेले आणि २०१५ मध्ये त्यांत इकोला महत्त्वाचं स्थान मिळालं. नुसता एएसओ वाढलेला आहे आणि बाकी काहीच नाही, तर तो रुमॅटिक ताप नव्हे. एवढ्या एका रिपोर्टवरून वर्षानुवर्षं इंजेक्शनं सुरू केलेली मुलं असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आणखी एक रूप लक्षात ठेवा. घसा दुखून कित्येक महिने झाल्यावर मुलाचे हात-पाय, चेहरा आपोआप वेडेवाकडे हलू लागतात, अक्षर बिघडतं, हातातून भांडी पडतात, मूल कारण नसताना रडतं. याला ‘कोरिया’ म्हणतात. मुलींमध्ये हे जास्त दिसतं. तोवर रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल झालेले असू शकतात, आणि मुलाला खोडकर किंवा बेफिकीर ठरवून ओरडा मिळत राहतो. कोरिया बरा होतो, पण त्या मुलाचा इको झालाच पाहिजे.

झडपेला नेमकं काय होतं?

हृदयाच्या डाव्या बाजूला फुप्फुसांकडून आलेलं रक्त वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जातं. मधली मायट्रल झडप ते मागे फिरू देत नाही. रुमॅटिक तापाच्या पहिल्या झटक्यात या झडपेचे पडदे सुजतात, त्यांना ताणून धरणारे दोर लांबतात, आणि पडद्यांच्या कडा नीट मिटेनाशा होतात. दर ठोक्याला थोडं रक्त मागे गळतं. मायट्रलनंतर जास्त करून महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप सापडते.

सूज ओसरते तेव्हा जागोजागी व्रण राहतात. सौम्य इजा असेल आणि पुन्हा झटका आला नाही, तर गळती वर्षा-दोन वर्षांत कमी होते, कित्येक मुलांमध्ये इकोवर दिसेनाशीही होते. पण दुसरा झटका आला की आधीच्या व्रणांवर नवी इजा बसते. असे झटके येत राहिले तर पडदे जाड होतात, कडांशी एकमेकांना चिकटतात आणि झडपेचं तोंड अरुंद होतं. मग फुप्फुसांत रक्त तुंबतं, जिना चढताना धाप लागते, आडवं झोपल्यावर श्वास कोंडतो. स्त्रियांमध्ये हा त्रास पुष्कळदा पहिल्यांदा गरोदरपणात उघड होतो, कारण तेव्हा शरीरातलं रक्त बरंच वाढलेलं असतं आणि अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही.

ताप गेला, सांधे बरे झाले. मग पेनिसिलिन का चालू ठेवायचं?

सुरुवातीला म्हटलेला हिशेब आता मांडतो. एकदा रुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलाला पुन्हा स्ट्रेपचा संसर्ग झाला, तर ताप उलटण्याची शक्यता जवळजवळ निम्म्यापर्यंत जाऊ शकते. त्याच्या शरीराची प्रतिक्रिया आता ठरून गेलेली असते. शिवाय पुढच्या वेळी घसा जाणवण्याइतका दुखेलच असं नाही, त्यामुळे ‘घसा दुखला की औषध देऊ’ ही योजना या मुलासाठी पुरत नाही. संसर्ग घशात पाय रोवण्याआधीच रक्तात पेनिसिलिन हजर असावं लागतं, आणि तेही दररोज.

म्हणजे हे इंजेक्शन बिघडलेली झडप दुरुस्त करत नाही. ते पुढचा झटका येऊ देत नाही, आणि झटका आला नाही तर झडपेला सावरायला वेळ मिळतो. याचा चांगला पुरावा युगांडातल्या एका अभ्यासातून २०२२ मध्ये मिळाला. कोणताही त्रास नसलेल्या, पण इकोवर रुमॅटिक हृदयविकाराची सुरुवात दिसलेल्या ५ ते १७ वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला दर चार आठवड्यांनी इंजेक्शन दिलं, दुसऱ्याला नाही. दोन वर्षांनी इंजेक्शन घेणाऱ्या ३९९ मुलांपैकी ३ जणांची झडप आणखी बिघडली होती, न घेणाऱ्या ४०० पैकी ३३ जणांची.

एका इंजेक्शनचा असर तीन-चार आठवडे कसा टिकतो?

साधं पेनिसिलिन काही तासांत लघवीवाटे निघून जातं. बेंझाथिन पेनिसिलिन पाण्यात फारसं विरघळत नाही. कंबरेच्या किंवा मांडीच्या स्नायूत खोलवर त्याचा साठा राहतो आणि माठातून पाणी झिरपावं तसं ते रक्तात थोडंथोडं उतरत राहतं. स्ट्रेपला मारायला अगदी कमी औषध लागतं, आणि इतक्या वर्षांच्या वापरानंतरही या जिवाणूने पेनिसिलिनला दाद न देण्याची ताकद मिळवलेली नाही. म्हणून ही कमी पातळीही पुरते.

पण पातळी रोज उतरत असते. पहिल्या आठवड्यांत ती पुरेशी असते, आणि तिसऱ्या आठवड्यानंतर बऱ्याच मुलांमध्ये ती हवी त्याच्या खाली जाऊ लागते. मग चौथ्या आठवड्याच्या शेवटी संरक्षण विरळ झालेलं असतं. त्यामुळे जिथे हा आजार जास्त आहे किंवा मुलाची झडप आधीच बरीच खराब आहे, तिथे दर २१ दिवसांनी इंजेक्शन देतात. इतर ठिकाणी २८ दिवस चालतात. मात्रा वजनावर ठरते: साधारण २७ ते ३० किलोंच्या खाली ६ लाख युनिट, त्यावर १२ लाख युनिट. मूल वाढलं तरी जुनीच मात्रा चालू राहिल्याचं आढळतं, म्हणून दर भेटीत वजन करून घ्या.

‘महिन्यातून एकदा’ म्हटलं तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. समजा डॉक्टरांनी २८ दिवसांचं अंतर सांगितलं आहे आणि तुम्ही दर महिन्याच्या ५ तारखेला जाता. वर्षात १२ इंजेक्शनं होतात. प्रत्येक इंजेक्शन २८ दिवसांपुरतं धरलं तर ३३६ दिवस झाले. वर्षातले २९ दिवस उघडे राहिले, आणि तेही बहुतेक महिन्यांच्या शेवटी दोन-तीन दिवस असे वाटलेले. एकही इंजेक्शन चुकवलं नाही असं तुम्हाला मनापासून वाटत असतं. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात १३ इंजेक्शनं व्हायला हवीत, २१ दिवसांच्या हिशेबाने १७ किंवा १८.

यावर उपाय सोपा आहे. तारीख लक्षात ठेवू नका, वार ठरवा. २८ दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे, तेव्हा मंगळवार धरला की दर चौथा मंगळवार. २१ दिवसांसाठी दर तिसरा. वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळे वार एकदम खुणा करून ठेवा. त्या दिवशी सण, परीक्षा किंवा प्रवास येत असेल तर इंजेक्शन दोन-चार दिवस आधी घ्या. आधी घेतलं तर काही बिघडत नाही, उशीर झाला तर बिघडतं. आणि उशीर झालाच, तर पुढच्या ठरल्या वाराची वाट पाहत बसू नका. आठवेल त्या दिवशी जा आणि तिथून नव्याने मोजा.

मघाच्या मुलीचं उदाहरण पुढे नेऊ. दोन वर्षं दर तिसऱ्या मंगळवारी इंजेक्शन घेतल्यावर तिची गळती इकोवर जवळजवळ दिसत नव्हती. मग परीक्षा आणि सुट्टी आली, ‘आता ती ठणठणीत आहे’ असं घरी ठरलं, आणि दोन इंजेक्शनं राहिली. शेवटच्या इंजेक्शननंतर सातव्या आठवड्यात तिचा घसा दुखला. तीन आठवड्यांनी ताप, धाप, आणि यावेळी सांधे फारसे दुखलेच नाहीत. इकोमध्ये गळती तीव्र झालेली होती. आधीच्या दोन वर्षांत झडपेने जे कमावलं होतं ते गेलं, आणि इंजेक्शनच्या वर्षांची मोजणी या नव्या झटक्यापासून पुन्हा सुरू झाली. ताप उलटण्याचा धोका पहिल्या झटक्यानंतरच्या पाच वर्षांत सर्वांत जास्त असतो, आणि नेमक्या त्याच काळात मूल बाहेरून निरोगी दिसू लागतं.

किती वर्षं घ्यायचं?

हृदयाला इजा झालीच नसेल तर शेवटच्या झटक्यापासून किमान ५ वर्षं किंवा वयाच्या २१ वर्षांपर्यंत, यांतलं जे नंतर येईल ते. हृदयाला सूज आली पण झडप नंतर नीट राहिली, तर १० वर्षं किंवा २१ वर्षांचं वय, यांतलं नंतरचं. काही मार्गदर्शक तत्त्वांमध्ये या वयोमर्यादा थोड्या वेगळ्या, १८ किंवा २५ अशा आहेत. झडप कायमची खराब झाली असेल तर किमान १० वर्षं किंवा वयाच्या ४० वर्षांपर्यंत, यांतलं जे नंतर येईल ते, आणि काहींना जन्मभर. झडपेचं ऑपरेशन झालं म्हणून इंजेक्शन थांबत नाही, कारण उरलेल्या झडपा शाबूत ठेवायच्या असतात. वयाचा आकडा गाठला म्हणून स्वतःहून बंद करू नका. बंद करण्याआधी इको करून डॉक्टरच ठरवतात.

इंजेक्शन फार दुखतं. मूल पळून जातं. काय करावं?

दुखतं, हे खरं आहे, आणि मुलाला ‘काही नाही होत’ असं खोटं सांगू नये. औषध दाट असतं. पावडर पाण्यात नीट घोळवून लगेच दिली नाही तर सुईतच अडकते आणि पुन्हा टोचावं लागतं. फ्रीजमधलं इंजेक्शन तळहातांमध्ये फिरवून खोलीच्या तापमानाला आणलं, टोचण्याच्या जागी आधी अंगठ्याने काही सेकंद दाबलं आणि औषध सावकाश, दोन-तीन मिनिटं घेऊन सोडलं की दुखणं पुष्कळ कमी होतं. काही ठिकाणी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यात लिग्नोकेन हे जागा बधिर करणारं औषध मिसळतात. आळीपाळीने डावी-उजवी बाजू वापरा. घरी आल्यावर बसून राहण्यापेक्षा थोडं चालणं बरं. सर्वांत जास्त फरक मात्र एकाच नर्सच्या हाताने पडतो. सवयीचा हात मुलाला कळतो.

हे इंजेक्शन शिरेत कधीही द्यायचं नसतं. ते शिरेत गेलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून ते स्नायूतच देणाऱ्या सरावाच्या माणसाकडून घ्या.

रिॲक्शनची भीती वाटते. टेस्ट डोस घेतला की झालं ना?

टेस्ट डोसने पूर्ण खात्री मिळत नाही. ११ देशांतल्या १,७९० रुग्णांच्या ३२,४३० इंजेक्शनांच्या एका अभ्यासात, जो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, जिवावर बेतणारी ॲलर्जिक रिॲक्शन ४ वेळा आली. म्हणजे ती फार क्वचित येते, पण येते. म्हणून इंजेक्शन अशाच ठिकाणी घ्या जिथे अशी रिॲक्शन आवरणारं ॲड्रेनलिन हाताशी आहे, आणि नंतर अर्धा तास तिथेच बसा. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, श्वासाला घरघर, एकदम गळून जाणं, यांपैकी काहीही दिसलं की ताबडतोब सांगा. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तर एरिथ्रोमायसिनसारखी पर्यायी गोळी रोज घ्यावी लागते.

दुसरी एक गोष्ट लोकांना कमी माहीत असते. झडप फार खराब असेल, हृदयाची ताकद कमी झाली असेल किंवा थोड्या चालण्यानेही धाप लागत असेल, तर इंजेक्शनच्या वेदनेने आणि भीतीने अचानक रक्तदाब घसरून मृत्यू ओढवल्याच्या घटना आहेत. त्यांना पूर्वी ॲलर्जी समजलं जायचं. अशा रुग्णांसाठी अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये पेनिसिलिनच्या गोळ्यांचा विचार करायला सांगितलं. म्हणून मुलाची प्रकृती बिघडली असेल तर नेहमीप्रमाणे सुई टोचून न घेता आधी डॉक्टरांशी बोला. इतर सगळ्यांनीही इंजेक्शनआधी पोटभर खाऊन, पाणी पिऊन जावं आणि ते आडवं पडून घ्यावं, म्हणजे चक्कर येत नाही.

इंजेक्शनऐवजी गोळ्या चालतील का?

चालतात, पण संरक्षण कमी मिळतं. पेनिसिलिन व्ही दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं, एकही वेळ न चुकवता घ्यावं लागतं. धडधाकट दिसणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा जवळजवळ अशक्य आहे, असं माझं मत आहे. ज्यांना इंजेक्शन देता येत नाही त्यांच्यासाठीच गोळ्या ठेवाव्यात.

दात काढायचा असेल तर हे पेनिसिलिन पुरेल का?

नाही, ते वेगळं संरक्षण आहे. दात काढताना तोंडातले जिवाणू रक्तात जाऊन खराब किंवा कृत्रिम झडपेवर बसू शकतात, आणि त्यांना थांबवायला तीन आठवड्यांच्या इंजेक्शनची कमी पातळी पुरत नाही. दंतवैद्याला झडपेबद्दल आणि इंजेक्शनबद्दल आधीच सांगा. कोणाला जादा औषध लागेल ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील. कृत्रिम झडप असलेल्यांना ते लागतंच.

गरोदरपणात इंजेक्शन थांबवायचं का?

थांबवायचं नाही. पेनिसिलिन गरोदरपणात आणि अंगावर पाजताना सुरक्षित आहे. दिवस राहण्याआधी इको करून घेणं सर्वांत चांगलं. झडप बदलल्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगावं.

राहण्याची जागा बदलली किंवा दवाखाना बदलला तर?

इंजेक्शनं तुटण्याचं हे मोठं कारण आहे. नवा डॉक्टर ‘ताप नाही, सांधे नाहीत, मग इंजेक्शन कशाला?’ असं विचारतो आणि दाखवायला हातात कागद नसतो. एक जाड कार्ड किंवा वही करा. त्यात पहिल्या झटक्याची आणि शेवटच्या झटक्याची तारीख, कोणती झडप किती खराब आहे, शेवटच्या इकोचा दिवस, इंजेक्शनचं नाव आणि मात्रा, २१ की २८ दिवस, ॲलर्जी आहे की नाही, आणि इंजेक्शन कधीपर्यंत द्यायचं ते लिहून डॉक्टरांची सही घ्या. मग प्रत्येक इंजेक्शनची तारीख खाली लिहीत जा. दुसऱ्या गावी जाण्याआधीच तिथे बेंझाथिन पेनिसिलिन कुठे मिळतं ते फोन करून विचारा. अधूनमधून या औषधाचा तुटवडा पडतो, म्हणून ठरल्या वाराच्या आठवडाभर आधी ते आणून ठेवणं बरं. मिळालंच नाही तर नुसतं थांबू नका. इंजेक्शन मिळेपर्यंतच्या दिवसांसाठी गोळ्या लिहून घ्या.